साखर उतरते तेव्हा

वृद्धापकाळातील मधुमेहाविषयी कुटुंबात जी काळजी असते, ती बहुधा वाढलेल्या साखरेची. साखर उतरण्याचा धोका मात्र अधिक तातडीचा असूनही तो ओळखू येत नाही, कारण तो दुसऱ्याच रोगाचे रूप घेऊन येतो.

मेंदू जवळजवळ सर्वस्वी रक्तातील ग्लुकोजवर चालतो आणि त्याच्यापाशी स्वतःचा साठा नगण्य असतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की शरीर प्रथम इशारा देते : हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते. वयोमानाने हा इशारा क्षीण होतो. हृदयाच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी थरथर आणि धडधड दबूनही जाते. मग इशाऱ्याशिवाय थेट मेंदूच मंदावतो. जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, क्वचित एका बाजूचे हातपाय लुळे पडतात.

उदाहरणादाखल एका शहात्तर वर्षांच्या आजींचा प्रसंग पाहावा. मधुमेह वीस वर्षांचा. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित गोळी. हिवाळ्याचे दिवस, चौविहाराचा नेम, त्यामुळे साडेपाचला गोळी घेऊन सूर्यास्तापूर्वी जेवण. भूक मंदावलेली, म्हणून अर्धी भाकरी आणि चार घास मुगाची खिचडी. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी नवकारसी पाळून आठच्या सुमारास दूध. म्हणजे अन्नाविना चौदा तास. गोळीचा परिणाम मात्र रात्रभर चालूच.

महिनाभर आजी पहाटे सुनेला मुलीच्या नावाने हाक मारीत आणि देवदर्शनाची वाट विसरत. नऊनंतर त्या पुन्हा नेहमीसारख्या होत. घरच्यांनी त्याला स्मृतिभ्रंश मानले. पुढे एकदा त्या न्हाणीघरापाशी पडल्या. फरशी ओली होती, एवढ्यावर तो विषय संपला. अखेर एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना आणि शब्द फुटेना. अर्धांगवायू समजून त्यांना रुग्णालयात नेले. तेथे प्रथम बोटातून रक्ताचा थेंब घेतला. साखर ३८ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर अर्ध्या तासात हात हलू लागला. तिन्ही घटनांचे मूळ एकच होते.

अशा वेळी रुग्णाला तत्काळ घरी नेण्याची घाई करू नये. या वर्गातील गोळ्या स्वादुपिंडाला सतत इन्सुलिन सोडावयास लावतात आणि मूत्रपिंड मंदावलेले असल्यास औषध शरीरात अधिक काळ राहते. ग्लिबेनक्लामाइडच्या बाबतीत हे विशेष जाणवते. ग्लुकोजने साखर चढते आणि काही तासांनी पुन्हा उतरते. म्हणून आजींना दिवसभर देखरेखीखाली ठेवले आणि क्रिएटिनिन तपासले. ते वाढलेले निघाले, तेव्हा डॉक्टरांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली. पहाटेचा गोंधळ थांबला.

ओळखण्याची खूण वेळेत आहे. स्मृतिभ्रंशाचा गोंधळ न्याहारीने निवळत नाही, साखरेचा निवळतो. ओलसर अंग, घामाने भिजलेली उशी, पहाटेची डोकेदुखी याही खुणा होत. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणारी वृद्ध व्यक्ती पडली, बरळली किंवा लुळी पडली, तर प्रथम ग्लुकोमीटर लावावा. साखर कमी असेल आणि ती व्यक्ती शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि नंतर काही खाऊ घालावे. गोळीत व्होग्लिबोज असेल, तर घरची साखर लवकर उपयोगी पडत नाही. ग्लुकोजची पूडच हवी. गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. साखर कमी नसेल, तर तो अर्धांगवायूच समजावा. त्यावरील गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. दोन्ही प्रसंगी मोजणी चालू असतानाच रुग्णवाहिका बोलवावी.

चौविहार सोडावा, असा याचा अर्थ नाही. गोळी आणि जेवण यांचा मेळ मात्र बसावयास हवा. शेवटचे अन्न किती वाजता आणि पुढचे किती वाजता, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण औषधाच्या चिठ्ठीवरील ‘रात्री’ हा शब्द बहुधा नऊ वाजताचे जेवण गृहीत धरतो. उपवास, आयंबिल यांपूर्वीही मात्रा विचारून घ्यावी. आणि रात्री साखर उतरलीच, तर ग्लुकोज देताना नेम मोडल्याची शंका मनात आणू नये. चौविहाराच्या प्रत्याख्यानातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे.