नोकरी लावून देणाऱ्याला पैसे कोण देतो, ते आधी विचारा

निकाल लागले की बर्डीपासून धंतोलीपर्यंत खांबाखांबावर कागद चिकटतात. "मिहानमध्ये भरती. पगार १८ ते ३० हजार. थेट जॉइनिंग." खाली फक्त मोबाईल नंबर. दर वर्षी मे-जूनमध्ये माझ्याकडे चार-पाच ओळखीचे पालक येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "भाऊ, हा कन्सल्टन्सीवाला खरा आहे का?"

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत अकरा वर्षं एचआरमध्ये काढली. कन्सल्टंटची बिलं माझ्याच टेबलावरून पास व्हायची. त्या अनुभवावरून सांगतो, खरा-खोटा हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की त्याचं बिल कोण भरतं? जो बिल भरतो त्याचं काम तो करतो. बाकी सगळं यातूनच समजतं.

सरळ धंदा कसा चालतो ते आधी बघू. कंपनीला माणूस पाहिजे असतो. ती कन्सल्टंटला सांगते, तो चार-सहा जण पाठवतो, एक निवडला जातो. मग कन्सल्टंट कंपनीला बिल लावतो. साधारण दर असतो वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. २५ हजार पगाराच्या डिप्लोमावाल्या पोरासाठी २५ हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे ४,५००, एकूण २९,५००. हे पैसे पोरगा रुजू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी मिळतात. आणि पोरगं ९० दिवसांच्या आत सोडून गेलं तर कन्सल्टंटला त्याच फीमध्ये दुसरा माणूस द्यावा लागतो. करारात तसं लिहिलेलंच असतं.

या सगळ्या व्यवहारात उमेदवाराच्या खिशाला कुठंच हात लागत नाही. चांगली एजन्सी अशीच चालते.

आता आमच्याकडचीच एक गोष्ट सांगतो. इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेला एक पोरगा कन्सल्टंटमार्फत आमच्याकडे लागला. पगार २५ हजार. कन्सल्टंटचं २९,५०० चं बिल आलं, आम्ही पास केलं. दोन महिन्यांनी पोरगा ॲडव्हान्स मागायला आला तेव्हा कळलं, की त्याच माणसानं याच्याकडून ५०० रुपये रजिस्ट्रेशन आणि "पहिल्या पगाराचा अर्धा" म्हणून साडेबारा हजार रोख घेतले होते. पावती नाही. मी त्याला फोन लावला तर म्हणतो, "सर, दोन्हीकडून घेतो, सगळेच घेतात."

राजेहो, इथं नुसते १३ हजार गेले असं नाही. दोन्हीकडून घेणारा माणूस कंपनीला सगळ्यात योग्य पोरगा पाठवत नाही, पैसे देऊ शकणारा पाठवतो. आमच्याकडे आलेल्या चार जणांत कदाचित पाचवा, जास्त हुशार, साडेबारा हजार नसलेला पोरगा आलाच नसेल. नुकसान त्याचंही झालं आणि आमचंही. हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात तो हाच.

५०० रुपयांच्या रजिस्ट्रेशनला लोक किरकोळ समजतात. जरा हिशोब करा. दिवसाला ३० पोरं आली, प्रत्येकी ५०० घेतले, तर रोजचे १५ हजार. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३ लाख ९० हजार. एवढेच पैसे कंपन्यांकडून मिळवायचे तर २५ हजारवाल्या सोळा पोरांना खरोखर नोकरी लावावी लागेल, त्यांना ९० दिवस टिकवावं लागेल आणि बिलामागे फिरावं लागेल. रजिस्ट्रेशनच्या धंद्याला नोकरी असायची गरजच नाही. खुर्च्या, रिसेप्शनवरची एक मुलगी आणि "दोन दिवसांत कॉल येईल" हे वाक्य, एवढ्यावर तो चालतो.

आणि भिंतीवरच्या "सरकारमान्य"ला भुलू नका. फ्रेममध्ये लावलेला कागद बहुतेक वेळा गुमास्ता असतो. किराणा दुकानालाही तोच मिळतो. त्यातून एवढंच समजतं, की या पत्त्यावर काहीतरी धंदा चालतो.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? मी माझ्या पोराला सांगतो ते सांगतो.

चांगला कन्सल्टंट तुमचा बायोडाटा कंपनीला पाठवण्याआधी तुम्हाला विचारतो. कारण तोच बायोडाटा दोघांकडून आला की फी कोणाची यावर भांडण लागतं आणि कंपनी कटकट नको म्हणून ते नावच बाजूला ठेवते. तुम्हाला न विचारता दहा ठिकाणी बायोडाटा फेकणारा तुमचंच नुकसान करतो.

पहिल्याच फोनवर तो कंपनीचं नाव सांगेल असं नाही. त्यावरून लगेच त्याला चोर ठरवू नका. नाव कळलं की काही जण थेट अर्ज करतात आणि त्याची फी बुडते, ही भीती खरी आहे. पण इंटरव्ह्यूची तारीख ठरली की कंपनीचं नाव, पत्ता आणि भेटणाऱ्या माणसाचं नाव मिळालंच पाहिजे. ऑफर लेटर कंपनीच्या ईमेलवरून आलं पाहिजे. आणि एक साधा फोन कंपनीच्या ऑफिसला लावा, "हे कन्सल्टंट तुमच्यासाठी भरती करतात का?" खऱ्या कन्सल्टंटला या फोनचा राग येत नाही.

खऱ्यांच्याही दोन सवयी माहीत असू द्या. पहिले ९० दिवस तो रोज विचारपूस करेल, "सोडू नको, टिकून राहा" म्हणेल. त्यात त्याची फी अडकलेली असते. मग शंभराव्या दिवशी त्याचाच फोन येतो, "दुसरीकडे दोन हजार जास्त आहेत, येतो का?" कारण तिथं नवी फी आहे. दोन्ही वेळचा सल्ला खोटाच असेल असं नाही. पण सल्ला देणाऱ्याचा मीटर कधी चालू असतो ते तुम्हाला माहीत पाहिजे.

पैसे घेऊन बायोडाटा नीट करून देणारे, इंटरव्ह्यूची तयारी करून घेणारे यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते तुमच्याकडून घेतात आणि तुमचं काम करतात. पण "४० हजारांचा कोर्स करा, नोकरी शंभर टक्के" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की अर्धी फी नोकरी लागल्यावर घ्याल का, लेखी द्याल का? विषय बदलला तर समजा, तो कोर्स विकतो आहे.

आता कंत्राटी एजन्सी. इथं माणूस काम बुटीबोरीच्या कंपनीत करतो, पण पगारपत्रकावर असतो ठेकेदाराच्या. समजा पगार १५ हजार. कंपनी ठेकेदाराला तो पगार देते, वर मालकाच्या वाट्याचा पीएफ व त्याचे खर्च मिळून १३ टक्के, ईएसआयसीचे ३.२५ टक्के आणि त्यावर ठेकेदाराचा सर्व्हिस चार्ज. स्पर्धेत ठेका मिळवायला कोणी हा चार्ज दोन टक्क्यांवर आणतो. म्हणजे माणशी ३०० रुपये. ४० माणसांचे १२ हजार. एवढ्यात एका सुपरवायझरचा पगारही निघत नाही. मग ठेकेदार जगतो कशावर? मजुरावर. गणवेशाचे पैसे कापले जातात, मालकाचा पीएफही मजुराच्याच पगारातून जातो, नाहीतर पगार खात्यात पडला की दोन हजार काढून परत द्यायला लावतात.

हे पकडायचं असेल तर पीएफचं पासबुक उघडा. १५ हजारांवर दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत. तुमचे १,८००, मालकाचे ५५० आणि पेन्शनचे १,२५०. आणि तुमच्या पगारातून पीएफचे फक्त १,८०० कापलेले असले पाहिजेत. ३,६०० कापले असतील तर मालकाचा वाटा तुम्हीच भरताय. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्यानं मूळ कंपनीवर येते, हेही गेटवरच्या माणसाला कोणी सांगत नाही.

ठेकेदाराला दर महिन्याला पैसे मिळतात ते तुम्ही कंत्राटी राहता तोवरच. तुम्ही कायम झालात की त्याचा मीटर बंद. म्हणूनच ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारनं नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला तेव्हा पोरं रस्त्यावर आली. २० ऑक्टोबरला आपल्या नागपूरच्याच फडणवीसांना तो रद्द झाल्याचं जाहीर करावं लागलं. जीआर गेला, पण गणित बाकी ठिकाणी तेच आहे.

परदेशातल्या नोकरीच्या फीला निदान कायद्याची मर्यादा आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना असलेल्या एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, तेही पावती देऊन. परवाना चालू आहे की रद्द, ते emigrate.gov.in वर दिसतं. गावातला "मुंबईच्या ऑफिसचा माणूस" दीड लाख मागत असेल तर त्याच्याशी पुढं बोलायचंच नाही. पण नागपुरातल्या नागपुरात नोकरी लावणाऱ्यानं पोरांकडून किती घ्यावं याला अशी मर्यादा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८१ क्रमांकाचा करार सांगतो, की कामगाराकडून फी घेऊच नये. भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही.

दिल्लीत कायदा होईल तेव्हा होईल. माझी मागणी इथल्यापुरती आणि बिनखर्चाची आहे. हिंगण्याच्या एमआयडीसी इंडस्ट्रीज असोसिएशननं आणि बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशननं आपल्या सदस्य कंपन्यांना एवढंच सांगावं, की गेटवर आणि प्रत्येक जाहिरातीत एक ओळ लिहा. "आमच्या कन्सल्टंटची फी आम्ही देतो. उमेदवारानं कोणालाही पैसे देऊ नयेत. कोणी मागितले तर या नंबरवर कळवा." आणि कन्सल्टंटच्या करारात एक कलम टाका, की उमेदवाराकडून पैसे घेतल्याचं सिद्ध झालं तर बिल रद्द. २९,५०० बुडायची भीती असेल तर साडेबारा हजार कोण मागेल?

एचआरमधले माझे जुने मित्र हे वाचत असतील. काहींना ही ओळ नको असेल, कारण त्या ८.३३ टक्क्यांतला एक तुकडा काही टेबलांपर्यंत परत येतो, हे आपल्याला माहीत आहे. ज्या कंपनीत सगळी भरती एकाच कन्सल्टन्सीतून होते आणि थेट आलेला अर्ज कोणी उघडतही नाही, तिथं मालकांनी एकदा स्वतः लक्ष घालावं.

ज्यांच्या घरी निकालाची वाट बघणारं पोरगं आहे, त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि तुमच्याकडून कोणी किती घेतले ते कमेंटमध्ये लिहा. नाव नको, फक्त आकडा लिहा. आकडे घेऊन मी दोन्ही असोसिएशनच्या ऑफिसात जाणार आहे.