नाइट मारण्याआधी: एम-३ चे शेवटचे ४८ तास

आपल्या होस्टेलवर एक समज पक्का आहे. जो पेपरच्या आदल्या रात्री जागतो तो सिन्सिअर, आणि जो अकराला लाइट घालवून झोपतो तो एक तर टॉपर किंवा वाया गेलेला. मीही हे मानायचो. सेकंड इयरला एम-३ च्या आदल्या रात्री मी आणि माझ्या रूमीने चार कटिंग, दोन मॅगी आणि एक अख्खं 'सॉल्व्ह्ड पेपर्स' संपवलं. सकाळी पेपरात पहिलाच प्रश्न आला, (D² + 4)y = sin 2x. तो मी रात्री वाचला होता. कुठल्या पानावर, डावीकडे की उजवीकडे, तेही आठवत होतं. पण D² च्या जागी -4 टाकल्यावर खाली शून्य आलं आणि पुढे काय करायचं ते काही केल्या सुचेना. निकाल काय लागला ते सांगायला नको. ती केटी सोडवताना मी जो प्लॅन केला, तो इथे देतोय.

मुळात गडबड झाली होती कुठे? मी गणित वाचत होतो, सोडवत नव्हतो. छापलेलं उत्तर वाचताना प्रत्येक ओळ पटते, आणि 'पटलं' म्हणजे 'आलं' असं आपण धरून चालतो. २००६ साली अमेरिकेतल्या रोएडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी वाचणाऱ्यांना साधारण ५४ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ६८ टक्के. दोन दिवस म्हणजे बरोब्बर आपले ४८ तास!

आता प्लॅन. पेपर बुधवारी सकाळी दहाला आहे असं धरू, म्हणजे घड्याळ सोमवारी दहाला सुरू होतं.

सोमवारी १० ते १ पुस्तक बंद. मागचे चार-पाच पेपर घ्यायचे आणि प्रत्येक युनिटमधला एकेक प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायचा. एका गणिताला दहा मिनिटं. अडलं की तिथेच रेघ मारून पुढे जायचं, उत्तर बघायचं नाही. एक वाजता तुमच्यासमोर तीन ढीग असतात: येतं, अर्धवट येतं, अजिबात येत नाही. खरी किंमत मधल्या ढिगाची आहे. वरचं उदाहरणच घ्या. मला ऑक्झिलरी इक्वेशन येत होतं, मुळं ±2i येत होती, सी.एफ. लिहिता येत होता. अडलो ते फक्त खाली शून्य आलं तिथे. तिथे x ने गुणायचं, छेदाचं D च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, म्हणजे छेदात 2D उरतो. मग एकदा इंटिग्रेशन केलं की पी.आय. मिळतो -x cos 2x / 4. दोन ओळींचं काम! अशी अर्धवट गणितं दुपारच्या एका बैठकीत सात-आठ तरी दुरुस्त होतात. तिसऱ्या ढिगातलं अख्खं युनिट मात्र दोन दिवसांत उभं राहत नाही. त्यातला एखादा ठरलेला, सरळ प्रकार घ्या आणि बाकीचं सोडून द्या. वाईट वाटतं, पण सोडा.

एकला जेवण आणि मग वीस मिनिटं आडवं व्हायचं. गजर लावून! तास-दीड तास ताणून दिली तर उठल्यावर डोकं जड होतं आणि संध्याकाळ वाया जाते. अडीच ते साडेपाच मधला ढीग. साडेपाचला दिवसाचा शेवटचा चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री दहाच्या टपरीवरच्या चहातलं निम्मं तीन वाजताही अंगात असतं. मग 'झोपच येत नव्हती म्हणून वाचत बसलो' असं म्हणायला आपण मोकळे! सहा ते आठ पुन्हा गणितं, आठला जेवण, नऊ ते साडेदहा फॉर्म्युल्यांचं एकच पान स्वतःच्या हाताने लिहायचं. कुणाची झेरॉक्स नको. अकराला झोप.

मंगळवारी साडेसहाला उठणं, पोहे. आठ ते साडेनऊ कालची चुकलेली गणितं परत, न बघता. त्यातली निम्मी पुन्हा चुकतात. घाबरू नका, रात्र मध्ये गेल्यावर काय टिकलं ते आत्ताच कळतं. दहा ते एक घड्याळ लावून एक पूर्ण पेपर, ज्या वेळेला खरा पेपर आहे त्याच वेळेला. दुपारी तो तपासायचा आणि फक्त चुकांवर बसायचं. संध्याकाळी सहानंतर नवीन काहीही नाही. ग्रुपवर रात्री दहाला 'शुअरशॉट आयएमपी'ची पीडीएफ हमखास येते. ती उघडली की जे येतंय त्यावरचाही विश्वास उडतो, तेव्हा फोन रूमीकडे द्या.

त्या रात्री वरण-भात किंवा खिचडी बरी. आदल्या रात्री गेटबाहेरची तर्रीवाली मिसळ खाऊन पेपरात दोनदा सुपरवायझरची परवानगी मागणारा आमच्याच विंगमध्ये आहे. साडेनऊपर्यंत हॉल तिकीट, दोन पेन, कॅल्क्युलेटर बॅगेत. साडेदहाला अंथरुणावर. झोप लगेच येणार नाही, तरी दिवा लावायचा नाही.

'पण अभ्यासच झाला नसेल तर?' हा रूमीचा प्रश्न. त्याला मी हिशोब सांगितला. मंगळवारी आठला उठून रात्रभर जागलास तर बुधवारी दहाला सलग सव्वीस तास झालेले असतात. डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली मोजलं होतं, की सतरा तास जागल्यावर माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं होतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. गणितात त्याचा अर्थ एवढाच, की मायनस साइन गळतो आणि गळलेला दिसत नाही. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचताय असं लक्षात आलं की पुस्तक मिटायची वेळ झाली. उशीर झालाच असेल तरी चार तास तरी झोपा.

बुधवारी सहाला उठून फक्त ते एक पान आणि तीन सोपी गणितं. आठला पोटभर नाश्ता, पण नेहमीचाच; सोबत एक केळं. सव्वानऊनंतर घटाघटा पाणी नको, पेपर मोठा असतो. आणि गेटपाशी उभं राहून 'तू ते केलंस का?' विचारणाऱ्यांपासून लांब.

आता थोडं रेक्टर सरांना आणि मेसच्या काकांना. यातलं बरंचसं आमच्या हातात आहे, पण नाश्ता नाही. साडेआठला मेस उघडते, पोहे येईपर्यंत नऊ वाजतात, आणि निम्मी मुलं उपाशीच पेपरला पळतात. परीक्षेच्या दिवसांत नाश्ता साडेसातला आणि रात्रीचं जेवण साडेसातपासून मिळालं, आणि पेपरच्या आदल्या रात्रीची फीस्ट पुढे ढकलली, तर मेसचा खर्च काही वाढत नाही. काका म्हणतात, 'पोरं उठतच नाहीत रे इतक्या लवकर.' काका, एका परीक्षेपुरतं करून बघा. पहिल्या दिवशी साडेसातला ताट घेऊन मी उभा असेन, आणि रूमीलाही ओढून आणतो.