किकऑफ कॉल आणि शेवटचा 'हो'

नवीन क्लायंटबरोबरचा किकऑफ कॉल म्हणजे आमच्याकडे एक छोटं साखरपुड्यासारखं प्रकरण असतं. दोन्हीकडची मंडळी ओळख करून घेतात, आमच्याकडून वीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन होतं, सगळे 'एक्सायटेड' असतात आणि तासाभराने सगळे खुशीत फोन ठेवतात. खरं काय ठरलं, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

माझ्या पहिल्या मोठ्या प्रोजेक्टला असंच झालं. सहा आठवडे दर शुक्रवारी डेमो व्हायचा, समोरून दर वेळी "लुक्स गुड" यायचं. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्समधला एक माणूस, ज्याचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं, पहिल्यांदा स्क्रीन बघतो काय आणि म्हणतो काय, की इनव्हॉइस असं निघून चालणारच नाही! त्याचं बरोबर होतं. पुढचे तीन वीकेंड ऑफिसात गेले. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: किकऑफ कॉल हा आपण बोलायचा कॉलच नाही. विचारायचा आहे.

२०२५ च्या सप्टेंबरमधलं उदाहरण सांगतो. क्लायंट अमेरिकेत, ओहायोतला. ऑनलाइन दुकान चालवणारी मध्यम आकाराची कंपनी. त्यांना ग्राहकांनी परत पाठवलेल्या मालासाठी पोर्टल हवं होतं. कॉल बुधवारी, ३ सप्टेंबरला, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. वेळ पंचेचाळीस मिनिटं. स्लाइड्स आदल्या दिवशीच मेलने पाठवल्या आणि कॉलवर उघडल्याच नाहीत. पाच मिनिटं ओळख, पंधरा मिनिटं उद्दिष्ट, दहा तारखेला आणि उरलेली पंधरा फीडबॅकला.

उद्दिष्टाबद्दल "तुम्हाला काय हवंय?" असं विचारलं की फीचर्सची यादी मिळते. म्हणून मी विचारलं, "आज एखाद्याने माल परत करायचा म्हटला, तर काय होतं?" तो मेल पाठवतो, सपोर्टवाले तो वेअरहाउसला पुढे पाठवतात, तिथून होकार यायला साधारण चार दिवस लागतात, आणि तोवर ग्राहक आणखी दोन मेल टाकतो. म्हणजे दुखणं फॉर्मचं नव्हतंच, होकाराचं होतं! मग उद्दिष्ट एका ओळीत लिहिलं: ग्राहकाला एका दिवसात उत्तर मिळालं पाहिजे. सुंदर फॉर्म मागे गेला आणि वेअरहाउससाठीची मंजुरीची स्क्रीन पहिल्या नंबरवर आली.

मग तारीख. त्यांनी १४ नोव्हेंबर सांगितली होती. "हीच का?" हा प्रश्न उद्धट वाटतो म्हणून लोक टाळतात. पण तारखा दोन प्रकारच्या असतात: कोणीतरी कॅलेंडर बघून टाकलेल्या, आणि ज्यांच्यामागे भिंत असते अशा. इथे भिंत होती. २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंग, दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे. त्या गर्दीत दुकान बंद पडू नये म्हणून १४ नंतर त्यांच्याकडे कोड फ्रीझ, थेट जानेवारीपर्यंत. म्हणजे आम्ही एक दिवस चुकलो तर प्रत्यक्षात दोन महिने चुकणार.

आता हिशोब बघा. कॉलच्या दुसऱ्या दिवसापासून १४ नोव्हेंबरपर्यंत कामाचे ५२ दिवस. त्यातून २ ऑक्टोबर आणि दिवाळीचा आठवडा वजा केला की ४६. (दिवाळीचं पहिल्याच कॉलला सांगून टाका. ऑक्टोबरात सांगितलं की ते कारण वाटतं.) त्यांच्या शेवटच्या टेस्टिंगला १० दिवस, उरले ३६. मध्ये चार डेमो. प्रत्येक डेमोवर प्रतिक्रिया यायला पाच दिवस लागले तर २० दिवस वाट बघण्यात. दोन दिवसांत आली तर ८. ते दिवस पूर्ण वाया जात नाहीत, हे खरं. पण तेव्हा जे लिहितो ते अंदाजाने लिहितो आणि बरंचसं पुन्हा लिहावं लागतं. १६ दिवस हातात असणं आणि २८ दिवस असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गणित मी कॉलवरच मांडलं आणि दोन दिवसांची मुदत त्यांनी स्वतःहून दिली.

त्यानंतर अवघड प्रश्न. "तुमच्यात मतभेद झाला, तर शेवटचा शब्द कोणाचा?"

समोर शांतता. इकडे चॅटवर आमच्या मॅनेजरचा मेसेज, "अरे, पहिल्याच कॉलला कशाला हे?" दहा सेकंदांनी तिकडून उत्तर आलं की खरं तर वेअरहाउसच्या प्रमुख बाई. त्या कॉलवर नव्हत्याच! हाच तो अकाउंट्सवाला माणूस, फक्त या वेळी पहिल्याच दिवशी सापडला. पहिल्या डेमोपासून त्या हजर राहतील असं ठरलं.

शेवटचा मुद्दा, दोन दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर? बरेच जण लिहून टाकतात की मौन म्हणजे संमती. मला ते पटत नाही. कागदावर आपण जिंकतो, पण ती स्क्रीन शेवटी बदलून द्यावीच लागते. इथे तारीखही हलणार नव्हती. म्हणून आम्ही विचारलं की उशीर झालाच तर आधी काय सोडायचं? त्यांनी क्रम दिला: पहिलं फोटो अपलोड, मग महिन्याचा रिपोर्ट. कोणाचीच डोकी तापलेली नसताना हा क्रम पाच मिनिटांत ठरतो. नोव्हेंबरमध्ये त्यासाठी तीन कॉल आणि एक भांडण लागतं.

रात्रीच एक पानाची मेल पाठवली. उद्दिष्ट, तारीख आणि तिचं कारण, शेवटचा शब्द कोणाचा, मुदत, सोडायचा क्रम. कॉल जमला की नाही हे या मेलच्या उत्तरावरून कळतं. "थँक्स, लुक्स गुड" आलं तर समजा कोणी वाचलेलं नाही. आम्हाला दोन दुरुस्त्या आल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या डेमोची प्रतिक्रिया चार दिवस उशिरा आली. मी फक्त त्या मेलमधली ओळ पुढे पाठवली. फोटो अपलोड जानेवारीत गेलं, बाकीचं १२ नोव्हेंबरला लाइव्ह झालं. आवाज कोणी चढवला नाही.

याला मर्यादा आहेत. सेल्सने आधीच तारीख, किंमत आणि फीचर्स तिन्ही कबूल करून ठेवलं असेल, तर किकऑफला विचारायला फारसं उरत नाही. तेव्हा निदान शेवटचा शब्द कोणाचा एवढं तरी विचाराच. आणि कॉलवर निर्णय घेणारं कोणीच नसेल, तर नम्रपणे दोन दिवस पुढे ढकला.

पहिल्याच कॉलला असं विचारणं आपल्याला जड जातं. पाहुण्यांसमोर व्यवहाराचं बोलू नये, हे अंगात मुरलेलं असतं. पण ती दहा सेकंदांची अवघड शांतता मला तीन वीकेंडपेक्षा स्वस्त वाटते.

असो. आज शनिवार आहे, आणि मी घरी आहे. :-)