लेबलवर सेंटिमीटर शोधा

निमोण्यातल्या बाईला तयार कुर्ता घ्यायचा असला की ती शिरूरची बाजारपेठ गाठते. छाती ३८-४० इंच असेल तर तिच्यापुढे रंगांचा ढीग पडतो. ४४च्या पुढे असेल तर दोन-तीन नग निघतात, आणि "ताई, तुमच्या मापात एवढंच आहे" हे चार गिऱ्हाइकांदेखत ऐकावं लागतं. मान खाली घालून ती हाती येईल तो नग उचलते. मला याचा संताप येतो, कारण चूक तिच्या अंगात नसते, कपड्याच्या मापात असते.

कुर्त्यावर ४४ लिहिलंय, ते कशाचं? काही उत्पादक अंगाचं माप लिहितात. तो कुर्ता प्रत्यक्षात ४६-४७ भरतो आणि ४४ छातीला सैलसर बसतो. काही जण शिवून झालेल्या कपड्याचं माप लिहितात. तो नेमका ४४ भरतो आणि त्याच बाईला काखेत ताणतो. लेबल एकच, कपडे दोन. बाहीची गत आणखी वाईट. लहान मापाचाच नमुना ठरावीक प्रमाणात वाढवत नेला की खांदा रुंद होऊन खाली उतरतो, पण दंडाला जागा मिळत नाही. दंड १६ इंच आणि बाहीचा घेरही १६ असेल, तर हात वर जाणार कसा? शिंप्याकडे उसवायला न्यावं, तर आत माया नसतेच.

भारतीय अंगाची मापं ठरवण्यासाठी निफ्टने 'इंडियासाइज' सर्वेक्षण हाती घेतलं. पंचवीस हजारांवर माणसं मोजायची, तीही दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग यांसह सहा शहरांत. निमोण्यासारख्या गावात राबणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड त्यात कितपत येणार, हा माझा प्रश्न आहे.

दुकानात मात्र एक आधार आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एल, एक्सएल या खुणेसोबत सेंटिमीटर किंवा मीटरमध्येही माप असावं, असं वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२२च्या दुरुस्तीने आलं. पण नुसत्या 'सेमी'नेही अंगाचं की कपड्याचं हा घोळ सुटत नाही. म्हणून अंगाला नीट बसणारा आपला जुना कुर्ता सपाट अंथरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. २३.५ इंच आले तर ४७. बाहीचा घेरही तसाच टिपून घ्या. दुकानात टेप न्या आणि नवा कुर्ता काउंटरवरच मोजा. अंगावर चढवून सगळ्यांसमोर ओढाताण करायची गरज नाही. लेबलवर सेंटिमीटर नसतील तर दुकानदाराला ते का नाहीत, हे मोठ्याने विचारा.