पुस्तकी किंमत

‘पुस्तकी’ हा शब्द आम्हां मास्तरमंडळींना हिणवण्यासाठीच बहुधा वापरला जातो. शेअरबाजारात मात्र त्याला मोठा मान आहे. कंपनीच्या मालकीचे जे काही असेल त्यातून सारी देणी वजा घातली, की उरते ते तिचे पुस्तकी मूल्य. सगळ्या शेअर्सची मिळून बाजारातली किंमत या रकमेच्या किती पट आहे, यावरून शेअर स्वस्त की महाग हे ताडतात. पण हे माप बँकेच्या अंगाला बसते, तसे सॉफ्टवेअर कंपनीच्या बसत नाही.

समजा, एका बँकेने १,००० कोटींची कर्जे दिली आहेत. त्यांतले ९०० कोटी ठेवीदारांचे, १०० कोटी तिचे स्वतःचे. बँकेचा मालच मुळी पैसा. वहीत तो रुपयांतच मांडलेला असतो. शिवाय तिने किती कर्जे द्यावीत, याची मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तिच्या भांडवलावर अवलंबून असते. म्हणून तो १०० चा आकडा तिची ऐपत सांगतो.

सॉफ्टवेअर कंपनीची खरी मिळकत रोज संध्याकाळी आपापल्या घरी जाते! माणसांचे पगार खर्चात पडतात; त्यांनी कमावलेले कसब आणि गिऱ्हाइकांचा विश्वास यांना ताळेबंदात रकानाच नाही. समजा, तिचे पुस्तकी मूल्य १०० कोटी आणि बाजारातली किंमत ६०० कोटी, म्हणजे सहापट आहे. तिने शिलकीतले ५० कोटी भागधारकांना वाटले, की पुस्तकी मूल्य उरले ५० आणि बाजारातली किंमत ५५०. सहापटीची झाली अकरापट, आणि धंदा मात्र होता तसाच! अशा वाटपाची उदाहरणे आहेत. इन्फोसिसने २०१७ साली १३,००० कोटी देऊन स्वतःचेच शेअर परत घेतले.

मग पुस्तकी मूल्याहून स्वस्त मिळणारी बँक डोळे मिटून घ्यावी काय? छे! आपली वरची बँक बाजारात ८० कोटींना मिळते आहे असे धरा. पण तिच्या कर्जांपैकी पाच टक्के बुडालेलीच असतील, तर ५० कोटी गेले. मूल्य उरले ५०, आणि स्वस्ताई वाटत होती ती दीडपटीहून अधिक महाग पडली.

येस बँकेने २०१५-१६ साली थकीत कर्जे ७४९ कोटींची दाखवली. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ४,९२६ कोटी भरली. पुढे २०१९ च्या अखेरच्या तिमाहीत तिला १८,५६४ कोटींचा तोटा झाला आणि मार्च २०२० मध्ये ठेवीदारांवर काही दिवस ५०,००० रुपयांचीच मर्यादा आली.

तेव्हा बँकेचा शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालाच्या शेवटच्या टिपा वाचाव्यात. थकीत कर्जे किती, त्यांपैकी कितीची तरतूद केली आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाशी मोठी तफावत आहे काय, हे तेथे सापडते. पट काढायची ती त्यानंतर.