मी आली, मी आले, मी आलो

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि 'शुद्ध मराठी कुणाची' हा जुना वाद पुन्हा रील्सवर सुरू झाला. या रील्समध्ये विदर्भातली मुलगी हमखास एका शब्दावर पकडली जाते. नागपूरची मुलगी पुण्याच्या होस्टेलवर सहज म्हणते, "मी कालच आली." लगेच कोणीतरी सांगतं, "आली नाही गं, आले!"

आता तिच्या भावाचा विचार करा. तोही त्याच घरातला, त्याच शाळेतला. तो म्हणतो, "मी कालच आलो." त्याला कोणीच टोकत नाही, कारण पुण्यातला मुलगाही 'आलो'च म्हणतो. म्हणजे एकाच घरातल्या दोघांपैकी बहिणीची मराठी 'चुकते' आणि भावाची 'बरोबर' ठरते. असं का होतं?

पहिलं, तिन्ही रूपं समोर ठेवू. पुस्तकी मराठीत बाई स्वतःबद्दल 'मी आले' म्हणते आणि दुसरीबद्दल 'ती आली'. नागपुरात बऱ्याच जणी दोन्हीकडे 'आली' वापरतात. मुंबईतही हे ऐकू येतं. कोल्हापूरकडे अनेक मुली सरळ 'मी आलो, मी जातो' म्हणतात. यावर लोकांचे निष्कर्ष तयारच असतात : पुण्याची मुलगी नाजूक, कोल्हापूरची रांगडी, नागपूरची अडाणी. म्हणजे क्रियापदाच्या शेवटच्या एका स्वरावरून अख्खा स्वभाव ठरवून मोकळं व्हायचं.

समाजभाषाविज्ञानात, म्हणजे भाषा आणि समाज एकत्र अभासणाऱ्या शाखेत, असं चालत नाही. तिथे आधी शेजार बघतात. कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' या दोन्हींसाठी 'नानु बंदे' हे एकच रूप आहे. स्वतःबद्दल बोलताना क्रियापदात बाई-पुरुष भेद होतच नाही. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात मराठी आणि कन्नड शतकानुशतकं एकत्र नांदतायत. त्यामुळे 'मी आलो'चा संबंध रांगडेपणापेक्षा या शेजाराशी असण्याची शक्यता जास्त आहे. आपल्याकडे शेजार हिंदीचा. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंदीत 'मैं आई' आणि 'वह आई' यांत क्रियापद सारखंच असतं, अगदी 'मी आली, ती आली'सारखं.

पण इथेच थांबलो तर घाई होईल. हिंदीत 'मैं आया' आणि 'वह आया' हेही सारखंच आहे. मग हिंदीच्या प्रभावाने नागपूरचे पुरुष 'मी आला' का म्हणत नाहीत? ते तर 'आलो'च म्हणतात. म्हणजे हिंदीचं कारण अर्धंच पुरतं. बाईच्या रूपातच काहीतरी सैल असणार. एक गोष्ट दिसते : 'आले' हे रूप 'ते आले' मध्येही येतं, 'आलो' मात्र 'मी' आणि 'आम्ही' यांनाच लागतं. बाईचं रूप बदलायला सोपं असण्याचं हे कारण असू शकेल. हा अंदाज आहे आणि तो तपासावा लागेल.

तपासायचा कसा? समजा तुम्हालाच हा अभ्यास करायचाय. पहिला प्रश्न, मोजायचं काय? 'मी पोळी खाल्ली' हे वाक्य तुमच्या कामाचं नाही, कारण तिथे 'खाल्ली' हे पोळीप्रमाणे बदललंय. मुलगाही 'मी पोळी खाल्ली'च म्हणतो. आली, गेली, बसली, झोपली, विसरली अशी बोलणाऱ्याप्रमाणे बदलणारी क्रियापदंच घ्यायची. ही गाळणी लावली नाही तर आकडा फुगतो आणि वाचणाऱ्याला कळतही नाही.

दुसरा प्रश्न, ऐकायचं कसं? 'तू आली म्हणतेस की आले?' असं विचारलंत तर उत्तर बिनकामाचं. पीटर ट्रडगिलने इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात लोकांना त्यांचे उच्चार विचारले आणि रेकॉर्डिंगशी ताडून पाहिले. १९७२ च्या त्याच्या लेखात दिसतं, की बऱ्याच बायकांनी आपण जास्त प्रमाण बोलतो असं सांगितलं, प्रत्यक्षात तसं नव्हतं. पुरुषांचं उलट. ते होते त्यापेक्षा जास्त गावठी असल्याचं सांगत होते. म्हणून विचारायचं नाही, बोलतं करायचं. अमेरिकेत विल्यम लबाव लोकांना जिवावर बेतलेला प्रसंग सांगायला लावायचा. माणूस गोष्टीत रमला की भाषेवरचा पहारा सुटतो. तुम्ही बारावीच्या निकालाचा दिवस विचारा. मग तिच्याकडूनच एक उतारा वाचून घ्या, आणि एकदा तिला अनोळखी मॅडमशी बोलू द्या. समजा मैत्रिणीशी बोलताना चाळीस जागांपैकी तीस ठिकाणी 'आली' आलं आणि मॅडमसमोर फक्त दहा ठिकाणी. याचा अर्थ तिला 'आले' पक्कं येतं. कोणासमोर काय वापरायचं हे ती ठरवते. तिला अडाणी म्हणणारी रील इथेच खोटी ठरते.

तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा, तुलना कोणाशी? या एका शब्दावर शंभर मुलगे आणि शंभर मुली मोजल्या तर उत्तर येईल, 'नागपूरचे पुरुष बायकांपेक्षा शुद्ध बोलतात.' आकडे खरे, निष्कर्ष खोटा. पुरुषांना इथे पर्यायच नाही. ज्या परीक्षेत त्यांना एकच उत्तर दिलंय, तिथे त्यांचे गुण कसले मोजता? स्त्री-पुरुष तुलना करायची तर दोघांनाही पर्याय आहे अशी जागा हवी. आपल्याकडे ती आहे : 'काय करतोयस' की 'काय करून राहिला बे'. 'करून राहिलो' भाऊही म्हणतो, 'करून राहिली' बहीणही. तिथे मोजा. 'आली-आले'साठी मात्र बायकांची तुलना बायकांशीच करावी लागेल : सीताबर्डीच्या दुकानातली, कॉलेजातली, पुण्यात चार वर्षं राहून परतलेली.

आणि जे निघेल त्याला 'बायकांचा स्वभाव' म्हणायचं नाही. लेस्ली मिलरॉयने बेलफास्टमधल्या कामगार वस्त्यांचा अभ्यास केला. बहुतेक ठिकाणी पुरुष जास्त गावठी बोलत होते. क्लोनार्ड वस्तीत मात्र तरुण मुली पुरुषांच्या पुढे होत्या. तिथे पुरुषांना काम नव्हतं, आणि मुली एकत्र कामाला जायच्या, एकत्र हिंडायच्या. कोण दिवसभर कोणाबरोबर असतं, यावरून बोली टिकत होती. नागपुरातही तोच प्रश्न विचारता येईल. 'आले' कोण म्हणतं यापेक्षा, कोणाला रोज कोणाशी बोलावं लागतं?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लोकांचं बोलणं त्यांच्या संकेतस्थळावर ऐकता येतं. सुरुवात तिथून करा. घरी रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या, आणि पहिली दहा मिनिटं मोजू नका. तेवढा वेळ प्रत्येक जण मोबाइलकडे बघून 'आले'च म्हणतो... म्हणजे, म्हणते.