आईबाबांना वॉटर प्युरिफायर देण्याआधी



दिवाळी जवळ आली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "आईबाबांना पाण्याचं मशीन द्यायचं आहे, कुठलं घेऊ?" माझं उत्तर असतं, आधी अडीचशे रुपयांचं टीडीएस मीटर घे, मशीनचं नंतर बघू. असं का म्हणते, ते आमच्याच घरच्या गोष्टीवरून सांगते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात. आईअण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा दादाने आणि मी मिळून साडेपंधरा हजारांचं आरओ मशीन दिलं. इन्स्टॉलेशन फुकट होतं, पण नळाचा जोड, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह आणि लांब पाइप यांचे नऊशे रुपये वेगळे गेले. पाणी जाण्याची नळी सिंकपर्यंत आणावी लागली, ओट्याजवळ तीन पिनांचं सॉकेट लागलं. भिंतीला भोकं पाडताना दोन टाइल्स तडकल्या. तरी आम्ही खूश होतो.

आई मात्र त्यातलं पाणी पिईना. पहिले काही दिवस "पिते गं" म्हणाली, मग खरं सांगितलं. तिचा नेम असा की पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, जिवाणी पाण्यात परत सोडायची आणि पिण्याचं पाणी उकळून घ्यायचं. नुसतं गाळलेलं पाणी अठ्ठेचाळीस मिनिटांपुरतं, उकळलेलं दिवसभर. मशीनला पाणी थेट नळातून जातं, तिथे कापड कुठे धरणार? आणि आतल्या टाकीत सात-आठ लिटर पाणी तासन् तास साठून राहतं. पन्नास वर्षं पाळलेला नेम आम्ही भेट म्हणून मोडायला निघालो होतो, आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यात सिंकमध्ये सतत बारीक धार. आरओच्या पडद्यातून पाणी ढकललं की क्षार एका बाजूला राहतात आणि ते वाहून न्यायला पाणीच लागतं. आमच्या मशीनला एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर जात होतं. आई ते बादलीत धरून फरशी पुसायची, पण सगळं कुठवर धरणार? रोजचं बारा लिटर पाणी धरलं तर छत्तीस लिटर बाहेर. वर्षाला तेरा हजार लिटर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या तेरा टाक्या.

दुसऱ्या वर्षी सर्व्हिसवाला म्हणाला, मेम्ब्रेन गेलंय, तीन हजार लागतील. तेव्हा कुठे मी ते पेनासारखं मीटर मागवलं. नळाचं पाणी, म्हणजे नदीचं, १८० दाखवत होतं. बोअरचं ९४०. मशीनमधून आलेलं ३०. मेम्ब्रेन खरंच गेलं असतं तर बाहेरचा आकडा चढला असता. मेम्ब्रेन चांगलं होतं, फक्त सुरुवातीचा गाळ धरणारा फिल्टर काळपट होऊन तुंबला होता, म्हणून धार बारीक झाली होती. तो काहीशे रुपयांत बदलून मिळाला.

त्याहून मोठी गोष्ट ही कळली, की त्या घराला आरओची गरजच नव्हती. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. आईअण्णा नळाचं पाणी पितात, बोअरचं फक्त धुण्याभांड्याला. १८०च्या पाण्यातून क्षार काढायला आम्ही तीनपट पाणी सांडत होतो.

एक सांगायलाच हवं, मीटर जंतू दाखवत नाही. १८०च्या पाण्यातही जंतू असू शकतात. पण ते मारायला आरओ लागत नाही, यूव्हीचा दिवा पुरतो, आणि पाणी खळखळून उकळलं तरी मरतात. म्हणजे आईचं गाळणं-उकळणं त्या पाण्याला पुरेसं होतं. याउलट बोअरचंच पाणी प्यावं लागत असेल तर उकळून क्षार जात नाहीत. त्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे का, हे मीटरही सांगत नाही. ते प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावं. आणि कोणी विक्रेता दोन सळया पाण्यात बुडवून पाणी तपकिरी करून दाखवू लागला, तर घाबरू नका. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नाही.

आता खर्चाचं. सगळ्यांना विजेची काळजी असते. आमचं मशीन पन्नास वॅटचं, बारा लिटरला तासभर चालायचं. महिन्याला फार तर दोन युनिट, म्हणजे पंधरा-सोळा रुपये. आईचं सहा लिटर पाणी उकळायला महिन्याला सिलिंडरचा सातवा हिस्सा लागतो, तो विजेपेक्षा कितीतरी महाग. हे मी लपवणार नाही. खरा खर्च सर्व्हिसचा आहे. पहिलं वर्ष वॉरंटीत गेलं, पुढे फिल्टर-मेम्ब्रेनसकट वार्षिक करार ४,२०० रुपयांचा. चार वर्षांचे १६,८००. मशीन, जोडणी आणि वीज धरून पाच वर्षांचे चौतीस हजार होतात. म्हणजे साडेपंधरा हजारांची भेट देऊन उरलेल्याचं बिल आम्ही अण्णांच्या पेन्शनवर टाकत होतो. करार घेताना नीट वाचा. काही करारांत फक्त फेऱ्या फुकट असतात, सुटे भाग नाहीत.

आणि एक चूक माझी. मशीन माझ्या मोबाइल नंबरवर नोंदवलं होतं. सर्व्हिसवाला दारात उभा, ओटीपी माझ्या फोनवर पुण्यात, आणि मी मीटिंगमध्ये. अण्णा दोनदा त्याला चहा पाजून परत पाठवून बसले. "तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून फोन केला नाही," म्हणाले. ते ऐकून मला फार लागलं. नोंदणी आईवडिलांच्याच नंबरवर करा, कराराचे पैसे मात्र दरवर्षी तुम्ही भरा.

आमचं मशीन आता मावशीकडे आहे. तिच्या घरी फक्त बोअर, मीटरवर अकराशे. तिथे ते खरंच कामाचं आहे, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याने ती संडास-बाथरूम धुते. आईला आम्ही जाड बुडाचं मोठं स्टीलचं पातेलं, तोटीची टाकी आणि गाळायला सुती कापडाचे चार नवे तुकडे दिले. सिलिंडरचे पैसे दादा भरतो.

अपरिग्रह म्हणजे वस्तू घ्यायचीच नाही, असं मी समजत नाही. मावशीला मशीन हवंच होतं. पण जी वस्तू आईवडिलांना लागत नाही आणि जिची निगा त्यांनीच राखायची, ती त्यांच्या घरात नेऊन ठेवणं म्हणजे आपल्या हौसेचा परिग्रह त्यांच्या डोक्यावर ठेवणं. म्हणून या दिवाळीला माहेरी जाल तेव्हा आधी पाणी मोजा, मग आईला विचारा, "तू पाणी कसं पितेस?" दुकान त्यानंतर.